ताईची झडप, बाबांची बायपास आणि दाढ काढण्याआधीची अँटिबायोटिक

प्रश्न: माझी ताई ३८ वर्षांची आहे, लहानपणीच्या संधिवाताच्या तापाने झडप खराब झाली होती म्हणून काही वर्षांपूर्वी मायट्रल व्हॉल्व्ह बदलून मेटलची बसवली. रक्त पातळ ठेवणारी अ‍ॅसिट्रॉम चालू आहे, दर २१ दिवसांनी पेनिसिलिनचं इंजेक्शनही घेते. आता खालची दाढ काढायचीय तर डेंटिस्ट म्हणतात हृदयाच्या डॉक्टरांची चिठ्ठी आणा, अँटिबायोटिक लागेल. पण बाबांची बायपास झालीय, त्यांचे दोन दात काढले तेव्हा असं काहीच कोणी विचारलं नाही. मला स्वतःला एमव्हीपी आहे, म्हणजे मायट्रल झडपेच्या पाकळ्या मागे झुकतात, थोडं लीक आहे, मला पूर्वी एका डॉक्टरांनी सांगितलेलं की दातांच्या कामाआधी गोळ्या घ्यायच्या आणि आताचे डॉक्टर म्हणतात गरज नाही. नक्की खरं काय? हे एंडोकार्डायटिस म्हणजे आहे तरी काय?

उत्तर: आधी थेट सांगतो. ताईंना अँटिबायोटिक हवीच, पण एकच डोस आणि तोही दाढ काढायच्या आधी. बाबांना नको, ते बरोबरच झालं. तुम्हालाही आजच्या नियमांप्रमाणे नको, आणि ज्या डॉक्टरांनी पूर्वी द्यायला सांगितलं ते त्या काळाच्या नियमाप्रमाणे बरोबर होते. तीन माणसं एकाच घरातली, तिघांनाही 'हार्टचा प्रॉब्लेम', पण तीन वेगळी उत्तरं, कारण प्रश्न हृदय किती आजारी आहे हा नसून हृदयाच्या आत रक्ताच्या वाटेवर जंतूंना धरून बसायला जागा आहे का, आणि तिथे ते बसलेच तर किती वाईट होईल, हा आहे.

एंडोकार्डायटिस म्हणजे हृदयाच्या आतल्या अस्तराला आणि मुख्यतः झडपांना होणारं इन्फेक्शन. आपल्या सगळ्यांच्या रक्तात अधूनमधून थोडे जंतू शिरतच असतात, निरोगी झडपेचं अस्तर इतकं गुळगुळीत असतं की ते तिथे टिकत नाहीत आणि लिव्हर, प्लीहा वगैरे मिळून काही मिनिटांत रक्त साफ करून टाकतात. पण तळ खरवडलेल्या पातेल्याला जसं दूध लागतं तसं खराब झालेल्या किंवा कृत्रिम झडपेवर होतं. तिथे आधी प्लेटलेट्स आणि फायब्रिन यांचा बारीकसा थर जमलेला असतो, त्यात जंतू अडकतात, मग त्यांच्यावर आणखी थर चढतो आणि काही दिवसांत झडपेवर एक लोंबणारी गाठ तयार होते, तिला डॉक्टर व्हेजिटेशन म्हणतात. इको करताना ती झडपेबरोबर हलताना दिसते.

खरी अडचण पुढे आहे. झडपेला स्वतःचा रक्तपुरवठा जवळपास नसतोच, त्यामुळे आतल्या जंतूंपर्यंत शरीराच्या पांढऱ्या पेशी नीट पोचत नाहीत आणि औषधही मुरायला वेळ घेतं. म्हणून साध्या इन्फेक्शनला पाच दिवस गोळ्या पुरतात तिथे या आजाराला शिरेतून चार ते सहा आठवडे अँटिबायोटिक द्यावी लागते, कृत्रिम झडप असेल तर किमान सहा आठवडे. एवढं करूनही झडप फाटून हार्ट फेल होणं, झडपेच्या मुळाशी पू साठणं, गाठीचा तुकडा सुटून मेंदूत जाऊन पॅरालिसिस होणं हे सगळं होऊ शकतं. हॉस्पिटलमध्ये दाखल झालेल्यांपैकी साधारण पाचातला एक जण वाचत नाही. आजार दुर्मिळ आहे, लाखात वर्षाला तीन ते दहा जणांना होतो, पण झाला की असा होतो, आणि हे दोन्ही एकदम लक्षात ठेवलं तरच दातांच्या अँटिबायोटिकवरचा वाद समजतो.

आता कोणाला धोका. जंतूंच्या बाबतीत तोंड हा एकच दरवाजा नाही हे आधी सांगतो. तोंडातले स्ट्रेप्टोकोकस हे जुने नेहमीचे, पण आजकाल कातडीवरचा स्टॅफ ऑरियस खूप बघायला मिळतो, तो सलाईनच्या सुईतून, डायलिसिसच्या नळीतून, पिकलेल्या फोडातून येतो. म्हातारपणी लघवीच्या मार्गातून किंवा आतड्यातून येणारे एन्टेरोकोकस असतात. म्हणजे ताईंच्या हाताला कधी कॅन्युला लावून तीन-चार दिवस तशीच ठेवली आणि तिथे लालसर सूज आली तर मला दाढेइतकीच काळजी वाटेल, किंबहुना जास्तच.

ज्यांना सर्वात जास्त धोका आणि म्हणून दातांच्या ठराविक कामांआधी अँटिबायोटिक द्यावी असं अमेरिकन हार्ट असोसिएशन आणि युरोपियन सोसायटी ऑफ कार्डिओलॉजी दोघंही म्हणतात ते लोक थोडेच आहेत. कृत्रिम झडपवाले, मग ती धातूची असो, प्राण्याच्या ऊतीची असो किंवा पायाच्या शिरेतून कॅथेटरने बसवलेली असो. झडप दुरुस्त करताना आत रिंग वगैरे बाहेरचं साहित्य बसवलेले. ज्यांना पूर्वी एकदा एंडोकार्डायटिस होऊन गेलाय असे. आणि जन्मजात हृदयविकारातले काही: ज्यात ओठ-नखं निळी पडतात आणि पूर्ण दुरुस्ती झालेली नाही अशी मुलं आणि मोठी माणसं, पॅच किंवा डिव्हाईस बसवून सहा महिने झाले नाहीत असे, किंवा पॅच बसवूनही त्याच्याजवळ अजून गळती राहिलीय असे. सहा महिन्यांचं गणित असं की तेवढ्यात पॅचवर शरीराचं स्वतःचं अस्तर चढून जातं, मग तो रक्ताच्या दृष्टीने परका राहत नाही. हृदय प्रत्यारोपण होऊन झडपेला त्रास असलेलेही यात येतात.

बाबांची बायपास यात का नाही? कारण बायपासमध्ये जोडलेल्या रक्तवाहिन्या हृदयाच्या बाहेरच्या पृष्ठभागावर असतात, हृदयाच्या कप्प्यात काही बसवलेलं नसतं आणि झडपा जशा होत्या तशाच असतात. स्टेंटचंही तसंच, तो कोरोनरी धमनीच्या आत असतो आणि त्याच्यावर अस्तर चढतं. पेसमेकरची वायर कप्प्यात असते हे खरं आणि तिला इन्फेक्शन होतंही, पण ते मुख्यतः बसवताना किंवा कातडीच्या खिशातून येतं, दाढ काढल्याने नाही, म्हणून पेसमेकरवाल्यांनाही दातांसाठी अँटिबायोटिक देत नाहीत. डेंटिस्ट बरेचदा 'हार्ट पेशंट' एवढं ऐकून सगळ्यांनाच पाच दिवसांचा कोर्स लिहून देतात, तो बाबांच्या बाबतीत फुकटच गेला असता.

तुमची केस मधल्या गटातली आहे. एमव्हीपीबरोबर लीक असेल, जन्मतः दोनच पाकळ्यांची एऑर्टिक झडप असेल, संधिवाताच्या तापाने खराब झालेली पण अजून स्वतःचीच झडप असेल, तर सामान्य माणसापेक्षा धोका जास्त असतो पण कृत्रिम झडपेपेक्षा बराच कमी, आणि झाला तरी उपचाराला तुलनेने चांगली दाद देतो. तुमच्या जुन्या डॉक्टरांच्या काळात यादी मोठी होती. अमेरिकन हार्ट असोसिएशनने पहिली सूचना १९५५ साली काढली, तेव्हापासून बराच काळ एमव्हीपी आणि लीकवाले, संधिवाताच्या झडपवाले सगळेच यादीत होते. २००७ साली त्यांनी यादी एकदम छाटून फक्त सर्वात जास्त धोक्याच्या लोकांपुरती ठेवली. ब्रिटनमधल्या नाइस संस्थेने तर २००८ मध्ये कोणालाच देऊ नका असं सांगून टाकलं आणि मग २०१६ मध्ये त्या वाक्यात 'सरसकट' हा शब्द घातला, म्हणजे निवडक पेशंटला द्यायचा मार्ग उघडा राहिला.

यादी का छाटली हे समजून घ्या, कारण लोकांना वाटतं डॉक्टरांचं मत फिरतंय. दाढ काढताना जंतू रक्तात जातात हे खरंच आहे, १९३० च्या दशकातच लोकांनी दात काढल्यावर रक्त तपासून ते दाखवलं होतं आणि म्हणूनच ही पद्धत सुरू झाली. पण नंतर लक्षात आलं की जंतू फक्त दाढ काढतानाच जात नाहीत. वेगवेगळ्या अभ्यासांत दात काढल्यावर १० ते १०० टक्के लोकांच्या रक्तात जंतू सापडले, ब्रश आणि फ्लॉस केल्यावर २० ते ६८ टक्के आणि नुसतं चावून खाल्ल्यावर ७ ते ५१ टक्के लोकांच्या. आकड्यांचा फरक मोठा आहे कारण तपासायच्या पद्धती वेगळ्या, पण अर्थ स्पष्ट आहे. दाढ वर्षा-दोन वर्षांत एकदा काढली जाते, ब्रश रोज दोनदा होतो, जेवण तर तीनदा. हिरड्या सुजलेल्या असतील तर रोजच रक्तात जंतू जातायत, त्यापुढे त्या एका दिवसाच्या गोळीने किती फरक पडणार? मग अँटिबायोटिकचा फायदा कमी आणि तोटे, म्हणजे अ‍ॅलर्जी, जुलाब, औषधाला न जुमानणारे जंतू, हे मात्र सगळ्यांच्या वाट्याला, असं ते गणित झालं.

मग ताईंना तरी का द्यायची, असं तुम्ही विचाराल. हाच प्रश्न मलाही रास्त वाटतो, कारण या डोसचा खरोखर फायदा होतो की नाही हे चिठ्ठ्या टाकून गट पाडून केलेल्या चाचणीने आजवर सिद्ध झालेलं नाही, आणि एवढ्या दुर्मिळ आजारात तशी चाचणी करायला लागणारी माणसं जमवणं जवळपास अशक्यच आहे. पण २०२२ साली अमेरिकेतल्या सुमारे ८० लाख लोकांच्या विम्याच्या नोंदी तपासून एक अभ्यास आला, त्यात सर्वात जास्त धोक्याच्या लोकांमध्ये दात काढल्यानंतर आणि तोंडाच्या ऑपरेशननंतरच्या महिनाभरात एंडोकार्डायटिस जास्त आढळला आणि ज्यांनी आधी अँटिबायोटिक घेतली त्यांच्यात तो कमी होता. कमी धोक्याच्या लोकांत तसं दिसलं नाही. त्यानंतर २०२३ च्या युरोपियन नियमांनी जास्त धोक्याच्या लोकांना द्यायचीच ही शिफारस आणखी ठाम केली. कृत्रिम झडपेला इन्फेक्शन झालं तर पुन्हा छाती उघडून झडप बदलायची वेळ येऊ शकते, त्यापुढे एक डोस ही क्षुल्लक किंमत आहे. माझं मत त्याच बाजूचं आहे.

आपल्याकडे एक वेगळी अडचण आहे ती मोकळेपणी सांगतो. हे नियम लिहिणाऱ्या देशांत संधिवाताच्या तापाने बिघडलेल्या झडपा आता फारशा उरलेल्या नाहीत, आपल्याकडे अजून खूप आहेत आणि त्यांच्यातल्या बऱ्याच लोकांच्या तोंडाची अवस्था वाईट असते. न्यूझीलंडमध्ये माओरी आणि पॅसिफिक लोकांत हा आजार बराच आहे, त्यांच्या नियमांत संधिवाताच्या झडपवाल्यांनाही दातांआधी अँटिबायोटिक देतात. म्हणून आपल्याकडचे काही अनुभवी कार्डिओलॉजिस्ट झडप जास्त खराब आणि हिरड्याही सडलेल्या असतील तर स्वतःच्या झडपेलाही एक डोस देतात. ती चूक नाही, तो निर्णय पेशंट बघून घ्यायचा असतो. तुमच्या थोड्या लीकच्या एमव्हीपीला मात्र मी देत नाही.

दातांचं प्रत्येक काम यात येत नाही. ज्या कामात हिरडी किंवा दाताच्या मुळाच्या टोकाजवळची जागा हाताळली जाते किंवा तोंडाचं अस्तर कापलं जातं, त्यालाच अँटिबायोटिक. म्हणजे दात काढणं, स्केलिंग आणि हिरडीखालची सफाई, इम्प्लांट, हिरडीचं ऑपरेशन, मुळाच्या टोकापलीकडे जाणारं रूट कॅनाल. नुसता एक्सरे, कवळीचं माप किंवा कवळी बसवणं, मुलांच्या तारा घट्ट करणं, पू नसलेल्या जागी भूल देण्याचं इंजेक्शन, दुधाचे दात आपोआप पडणं, पडल्याने ओठ फुटून रक्त येणं, यांना काही लागत नाही. ताईंची दाढ काढायचीय म्हणजे लागणार, आणि स्केलिंगही करायचं असेल तर शक्य तेवढं त्याच बैठकीत उरकून घ्या. दुसरी बैठक लागलीच तर मध्ये किमान दहा दिवस जाऊ द्या, नाहीतर तोंडात त्या औषधाला सरावलेले जंतू उरतात.

आता ताईंच्या गोळीचं. सर्वसाधारण मोठ्या माणसाला अमॉक्सिसिलीन २ ग्रॅम, म्हणजे आपल्याकडच्या ५०० मिलिग्रॅमच्या चार कॅप्सूल एकदम, काम सुरू व्हायच्या अर्धा ते एक तास आधी. लहान मुलाला वजनाच्या किलोमागे ५० मिलिग्रॅम. बस, एवढंच, नंतर सकाळ-संध्याकाळ पाच दिवस नाही. चुकून घ्यायची राहिली तर काम झाल्यावर दोन तासांच्या आत घेतलेली चालते.

पण ताईंना मी अमॉक्सिसिलीन देणार नाही, आणि चिठ्ठीत हीच गोष्ट सुटते. त्या वर्षानुवर्षं दर २१ दिवसांनी पेनिसिलिन घेतायत. ते इंजेक्शन घशात पुन्हा स्ट्रेप्टोकोकस होऊ नये आणि संधिवाताचा ताप उलटू नये यासाठी आहे, त्याने रक्तात पेनिसिलिन अगदी कमी पण सतत राहतं. एंडोकार्डायटिस रोखायला ते पुरत नाही, आणि इतके दिवस ते अंगात असल्याने तोंडातले जंतू त्या गटातल्या औषधांना दाद देईनासे झालेले असण्याची शक्यता असते. 'ती इंजेक्शन घेतेच आहे ना, मग वेगळं कशाला' हे वाक्य मी पेशंटकडून आणि कधी कधी डॉक्टरांकडूनही ऐकतो आणि ते उलटं आहे. अशा वेळी वेगळ्या गटातलं औषध निवडायचं, अझिथ्रोमायसिन ५०० मिलिग्रॅम एकदाच, किंवा डॉक्सिसायक्लिन १०० मिलिग्रॅम एकदाच. ताई गरोदर असतील किंवा दिवस राहायची शक्यता असेल तर डॉक्सिसायक्लिन नको, आणि ईसीजीत क्यूटी नावाचं अंतर लांबलेलं असेल किंवा ताल बिघडवणारी दुसरी औषधं चालू असतील तर अझिथ्रोमायसिन आधी विचारून. पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांनाही याच दोन गोळ्या चालतात. क्लिंडामायसिन पूर्वी सर्रास लिहायचे, ते अमेरिकन नियमांनी २०२१ साली काढून टाकलं कारण एकाच डोसनेही आतड्याचा गंभीर जुलाब होऊ शकतो, तरी अजून जुन्या चिठ्ठ्यांत दिसतं. २१ दिवसांचं इंजेक्शन मात्र बंद करू नका, त्याचं काम वेगळं.

दाढ काढताना ताईंच्या बाबतीत मला जंतूंपेक्षा अ‍ॅसिट्रॉमची जास्त धास्ती असते, कारण इथे लोक घाबरून स्वतःच गोळी बंद करतात. मायट्रलच्या जागी धातूची झडप असताना गोळी चार-पाच दिवस बंद झाली तर झडपेवर गुठळी होऊन झडप अडकू शकते किंवा पॅरालिसिस होऊ शकतो, दाढेच्या जागेतून येणारं रक्त मात्र दाबून, टाके घालून थांबवता येतं. म्हणून एका दाढेसाठी अ‍ॅसिट्रॉम बंद करायची नाही. आदल्या दिवशी रक्त किती पातळ आहे ते सांगणारा आयएनआर बघायचा, ताईंसारख्या झडपेला तो साधारण २.५ ते ३.५ मध्ये ठेवतात आणि तेवढा असला तर दाढ काढता येते, ४ च्या पुढे असेल तर आधी तो खाली आणायचा. सकाळी लवकरची वेळ घ्या, म्हणजे रक्त आलंच तर दिवसा डॉक्टर सापडतात. डेंटिस्ट खड्ड्यात जिलेटिनचा स्पंज ठेवून टाके घालतात, ट्रानेक्सामिक अ‍ॅसिडमध्ये भिजवलेला गॉज चावून धरायला देतात.

नंतरची औषधं बघून घ्या. दुखण्यावर पॅरासिटामॉल. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, अ‍ॅसिक्लोफिनॅक असलेल्या गोळ्या अ‍ॅसिट्रॉमबरोबर नकोत. आणि दातांच्या कोर्समध्ये आपल्याकडे हमखास असणारी मेट्रोनिडाझोल अ‍ॅसिट्रॉमची ताकद खूपच वाढवते, चार-पाच दिवसांत आयएनआर कुठल्या कुठे जातो आणि हिरडीतून, लघवीतून रक्त यायला लागतं. दाढेत खरंच पू असेल आणि कोर्स लागणारच असेल तर द्यावा, पण मग तिसऱ्या-चौथ्या दिवशी आयएनआर पुन्हा करायचा. अ‍ॅसिट्रॉमवाल्यांना कमरेत इंजेक्शनही उगाच देऊ नये, आत रक्त साठतं, आणि २१ दिवसांचं इंजेक्शन द्यायचंच असतं तेव्हा आयएनआर वाढलेला नाही ना हे बघून द्यायचं.

तुमच्या डेंटिस्टने चिठ्ठी मागितली हे उत्तमच, मला ते डेंटिस्ट आवडले. चिठ्ठीत कार्डिओलॉजिस्टकडून नुसतं 'फिट फॉर एक्स्ट्रॅक्शन' लिहून घेऊ नका, त्याने डेंटिस्टला काहीच कळत नाही. कुठली झडप, कशाची, पूर्वी एंडोकार्डायटिस झालाय का, २१ दिवसांचं पेनिसिलिन चालू आहे, कुठली अँटिबायोटिक किती आणि किती वाजता, अ‍ॅसिट्रॉम चालू ठेवायची आणि आयएनआर किती हवा, एवढं लिहिलेलं असलं पाहिजे.

गोळीपेक्षा हिरडी महत्त्वाची आहे हे वरच्या आकड्यांवरून लक्षात आलंच असेल. ताईंनी सहा महिन्यांनी डेंटिस्टला दाखवावं, ब्रश दोनदा, मऊ. गावाकडे बायकांमध्ये मिसरीची सवय अजून आहे आणि मिसरी लावणाऱ्यांच्या हिरड्या मागे सरकलेल्या, दात हललेले मी सतत बघतो, झडप बदललेल्या बाईने ती सोडायलाच हवी. पिन, काडी, सेफ्टीपिनने दात कोरणंही बंद. ब्रश केल्यावर रक्त येतं म्हणून ब्रशच सोडून बोटाने दात घासणारे पेशंट असतात, त्याने हिरडी आणखी बिघडते आणि रक्तही जास्त यायला लागतं. ज्यांची झडप अजून बदलायची आहे त्यांनी दातांची सगळी कामं ऑपरेशनच्या आधी उरकावीत, बऱ्याच ठिकाणी सर्जन त्याशिवाय तारीखच देत नाहीत ते याचसाठी.

आता शेवटची पण माझ्या मते सर्वात कामाची गोष्ट, कारण गोळी घेऊनही हा आजार होऊ शकतो आणि आपल्याकडे तो ओळखायला उशीर होतो. एका पेशंटचं सांगतो, ओळख पटेल असे तपशील बदललेत. चाळिशीतला माणूस, एऑर्टिकच्या जागी ऊतीची झडप बसवून काही वर्षं झालेली. संध्याकाळी बारीक ताप, घाम, भूक गेलेली. जवळच्या दवाखान्यात विडाल केली, 'पॉझिटिव्ह' आली, टायफॉइड म्हणून अँटिबायोटिक दिली. ताप दोन-तीन दिवसांत उतरला, कोर्स संपल्यावर आठवड्याभरात पुन्हा आला. पुन्हा विडाल, दुसरी अँटिबायोटिक, पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी मलेरिया आणि मग टीबीची शंका. महिना-सव्वा महिना गेला, वजन सहा-सात किलो उतरलं आणि एक दिवस पायाचा अंगठा एकदम निळा पडून दुखायला लागला, तेव्हा कुणीतरी झडपेचा विचार केला. लघवीत तांबड्या पेशी होत्या, इन्फेक्शनची सूज दाखवणारं सीआरपी वाढलेलं, हिमोग्लोबिन उतरलेलं. छातीवरून केलेल्या इकोत झडपेच्या चौकटीच्या सावलीमुळे काही दिसलं नाही, अन्ननलिकेतून केलेल्या इकोत झडपेवर गाठ दिसली.

पण ब्लड कल्चर, म्हणजे रक्तातला जंतू वाढवून बघायची तपासणी, त्यात काही उगवेना, कारण महिनाभर अर्धेमुर्धे कोर्स झालेले. जंतू कोणता हे कळल्याशिवाय सहा आठवडे नेमकं काय द्यायचं? हार्ट फेल नव्हतं, प्रकृती स्थिर होती, म्हणून हॉस्पिटलमध्ये नजरेखाली काही दिवस अँटिबायोटिक थांबवून पुन्हा कल्चर केली तेव्हा तोंडातला स्ट्रेप्टोकोकस उगवला. मग सेफ्ट्रायअ‍ॅक्सोन सहा आठवडे आणि सुरुवातीचे दोन आठवडे किडनीवर लक्ष ठेवून जेंटामायसिन. तो वाचला, झडपही वाचली, पण तुकडा पायाऐवजी मेंदूत गेला असता तर चित्र वेगळं असतं. पहिल्या आठवड्यात कल्चर केली असती तर महिना वाचला असता.

म्हणून ताईंच्या बाबतीत नियम असा ठेवा की कृत्रिम झडप आणि दोन-तीन दिवसांपेक्षा जास्त ताप, कारण उघड दिसत नाही, तर पहिली अँटिबायोटिक तोंडात जायच्या आधी ब्लड कल्चर. एक बाटली नाही, तीन वेळा तीन वेगळ्या ठिकाणच्या शिरेतून, दर वेळी दोन बाटल्या, प्रत्येक बाटलीत ८ ते १० मिलिलीटर रक्त, मध्ये अर्धा-अर्धा तास. घरचे म्हणतात एवढं रक्त कशाला काढता, पण थोड्या रक्तात थोडेच जंतू असतात आणि ते सुटतात. प्रकृती स्थिर असेल तर या दीड-दोन तासांच्या उशिराने काही बिघडत नाही. खूपच आजारी, बीपी खाली असेल तर कल्चर लागोपाठ पटापट घेऊन लगेच औषध सुरू करतात. दाढ काढल्यापासून पहिला महिनाभर तर तापावर बारीक लक्ष ठेवा. तापाबरोबर दम लागणं, हात-पाय लुळे पडणं, बोलणं अडखळणं, बोट एकदम निळं पडून दुखणं असं काही झालं तर कल्चरची वाट न बघता इको आणि हार्ट सर्जरीची सोय असलेल्या हॉस्पिटलमध्ये न्या, आणि दारातच पहिलं वाक्य सांगा की हिची झडप बदललेली आहे.